हेडमास्तरांच्या निरोपाचीं पद्यें

खेड्यापाड्यांतील जुन्या शाळांच्या भिंतींवर चौकटींत बसविलेलीं पद्यमय मानपत्रें आमच्या वाचकांनीं पाहिलीं असतीलच. एकाच गावीं तीस वर्षें काढून निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांसाठीं रचिलेलीं हीं पद्यें काव्य म्हणून थोर आहेत, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गावाच्या इतिहासाचें साधन म्हणून तीं अवश्य वाचावींत.

रचणारा बहुधा हाताखालचा शिक्षक किंवा एखादा जुना विद्यार्थी. परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या 'नवनीता'ने (१८५४) जुन्या कवितेचे वेचे शाळेंत आणले. त्यांच्या पाठांतरामुळें श्लोकांची चाल अशा मंडळींच्या कानांत मुरलेली असे. भुजंगप्रयात वृत्त त्यांना सोयीचें. एक लघु नि दोन गुरु हा गण चार वेळां आला कीं बारा अक्षरांचा चरण सिद्ध होतो. म्हणूनच 'गुरुजी' हा शब्द या वृत्तांत 'गुरूजी' असा दीर्घ लिहिलेला आढळतो. तो अज्ञानाचा दोष नव्हे. उदाहरणार्थ, 'गुरूजी तुम्हांला अम्ही काय द्यावें' असा चरण कोणी रचिला, तर काटेकोर नियमानें 'द्या' या जोडाक्षरामागील 'य' गुरु होतो आणि चाल अडखळते. 'द्यावें' काढून 'देऊं' घातलें कीं चरण सरळ चालूं लागतो. 'तुम्हांला' यांतील 'तु' मात्र लघुच राहतो, कारण मराठींत 'म्ह'चा आघात मागच्या अक्षरावर पडत नाहीं.

कित्येकदां चरणांच्या आद्याक्षरांतून सत्कारमूर्तीचें नांव गुंफीत. नांवांत 'ळ' किंवा 'ण' असला, कीं कवीची पंचाईत! या अक्षरांनीं मराठी शब्दच आरंभत नाहींत. मग तें अक्षर चरणाच्या पोटांत घेऊन ठळक लिहिण्यावांचून गत्यंतर नसे.

आतां आशयाकडे वळूं. समजा, १९२३ सालीं रुजू झालेले हेडमास्तर १९५३ सालीं निवृत्त झाले आणि पद्यांत 'सर्वांस समान विद्या दिली' अशी स्तुति आली. १९२३ सालींच सीताराम केशव बोले यांच्या ठरावानें मुंबई कायदेमंडळानें सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुल्या कराव्यात, अशी शिफारस केली होती. ठराव झाला म्हणून गाव बदललें, असें नव्हे. तेव्हां शाळेचें जनरल रजिस्टर उघडावें. त्यांत नांव, जात, प्रवेशाची तारीख आणि शाळा सोडल्याची तारीख सांपडते. त्या वर्गांतलीं मुलें कोणत्या सालापासून दाखल झालीं आणि कोणत्या इयत्तेपर्यंत टिकलीं, मुली कोणत्या इयत्तेंत गळाल्या, हें तेथें कळतें. मुलें ओसरीवर बसत कीं वर्गांत, हें मात्र रजिस्टर सांगत नाहीं. तें पद्यांतही नसतें. त्यासाठीं त्या वेळच्या विद्यार्थ्यांनाच विचारलें पाहिजे, आणि ते आतां फार थोडे उरले आहेत.