मु. पो. ते पिनकोड : आपल्या पत्त्यांचा इतिहास

या मेळाव्याची निमंत्रणे पाठवण्यासाठी माजी विद्यार्थ्यांच्या पत्त्यांची यादी करायची होती. हाती होती ती जुन्या पाकिटांची आणि पोस्टकार्डांची एक पेटी. संगणकावर यादी उतरवताना लक्षात आले, की या पत्त्यांमध्ये आपल्या जिल्ह्याचा इतिहासच लिहिलेला आहे आणि तो ठाऊक असल्याशिवाय यादी बरोबर होणार नाही.

सर्वांत जुन्या कार्डांवर ‘बुलडाणा, म. प्र.’ असे आढळते. लिहिणाऱ्याचे काही चुकलेले नाही. वऱ्हाडातील आपला जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्याचप्रमाणे ‘वाशीम, जि. अकोला’ हा पत्ता १९९८ पूर्वीचा, कारण वाशीम जिल्हा त्या वर्षी वेगळा झाला. म्हणून यादीत मूळ मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात ठेवला आणि आजचा जिल्हा व राज्य वेगळ्या रकान्यांत भरले. मूळ मजकूर पुसला, तर पुढे शंका आल्यावर पडताळायला काहीच उरत नाही.

‘मु. पो.’ या दोन अक्षरांतही अर्थ आहे. मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते गाव आणि पोस्ट म्हणजे ज्या कार्यालयातून त्याचे टपाल वाटले जाते ते गाव. मोठ्या गावात दोन्ही एकच, म्हणून ‘मु. पो.’ जोडून लिहितात. लहान गावाला पोस्ट शेजारच्या गावचे असते. त्यामुळे गाव आणि टपाल कार्यालय असे दोन वेगळे रकाने लागतात. पिनकोड ठरतो तो दुसऱ्यावरून.

पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याची कल्पना केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. देशात एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ते लिहिले जात अनेक लिप्यांत, त्यातून वाट काढण्यासाठी हे सहा अंक आले. पहिला अंक टपाल विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे.

इथेच एक सापळा आहे. वर्गीकरणाचा जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. बुलडाणा ४४३००१, चिखली ४४३२०१, मेहकर ४४३३०१, मलकापूर ४४३१०१. हे पाहून ‘आपला जिल्हा म्हणजे ४४३’ असा नियम संगणकाला घालून द्यावासा वाटतो. पण खामगाव ४४४३०३ आणि शेगाव ४४४२०३ आहे. तो नियम लावला असता, तर या दोन गावांचे सगळे बरोबर पत्ते चुकीचे ठरले असते. म्हणून प्रत्येक पिन टपाल खात्याच्या यादीतील कार्यालयाच्या नावाशी ताडून पाहिला.

एक उदाहरण पाहू. कार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता एवढाच : ‘पो. जळगाव, व्हाया नांदुरा’. पुढे पिन होता, पण तो ज्याने टंकून घेतला त्याने ‘८८३’ पासून सुरुवात केली होती. नुसत्या जळगावचा पिन शोधला, तर खानदेशातले ४२५००१ मिळते. मात्र ‘व्हाया नांदुरा’ म्हणजे पत्र नांदुऱ्यावरून पुढे जायचे, आणि तिथून जवळचे जळगाव म्हणजे आपले जळगाव जामोद. त्याचा पिन ४४३४०२. मग आकड्यांचा उलगडा झाला. मराठीतला ४ घाईत लिहिला की इंग्रजी आठासारखा दिसतो. शिवाय ८ ने सुरू होणारा पिन बिहार-झारखंडकडचा, महाराष्ट्रातले पिन ४० ते ४४ ने सुरू होतात. त्यामुळे ही चूक पहिल्या दोन अंकांवरूनच पकडता येते. मराठी १ आणि इंग्रजी नऊ यांचाही असाच घोळ होतो. पण तो शेवटच्या तीन अंकांत झाला, तर पिन दिसायला बरोबरच वाटतो. तेव्हा गावाच्या नावाशी ताडल्याशिवाय इलाज नसतो. कार्डावरचा पाठवणाऱ्या गावचा शिक्का वाचता आला, तर तो तिसरा साक्षीदार.

तरीही काही पत्ते नीट बसत नाहीत. सैन्यातल्या मित्रांचा पत्ता ‘द्वारा ५६ एपीओ’. त्याला गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. तिथे ते रकाने रिकामेच ठेवले. अंदाजाने मूळ गाव भरले, तर पत्र भलतीकडेच जाईल. आणि पिन बरोबर आहे याचा अर्थ माणूस अजून तिथे राहतो असा नव्हे. त्यासाठी प्रत्येक नोंदीपुढे पत्र कोणत्या वर्षीचे तेही लिहिले आहे.

यादीत आपले नाव शोधाल, तेव्हा गाव आणि पोस्ट हे दोन रकाने आधी तपासावेत. पिन त्यांच्यावरून लावता येतो. पिनवरून गाव सापडेलच असे नाही, कारण एका पिनखाली अनेक गावे असतात.