ताबा रखडला? तक्रारीआधी बिल्डरला नोटीस

पुण्यात फ्लॅट बुक केला, राहणं बेळगावात आणि ताबा रखडलेला, तर ग्राहक आयोगात जाण्याआधी बिल्डरला नोटीस पाठवावी. ती कायद्याने सक्तीची नाही, पण पुढे पुरावा म्हणून कामी येते. नोटिशीत करारातली ताब्याची तारीख, भरलेली रक्कम, भरपाईची मागणी आणि उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत लिहावी. समजा ४० लाख भरलेत, तर ९ टक्क्यांनी वर्षाचे ३ लाख ६० हजार मागता येतील. आयोग कमीही देऊ शकतो. पोचपावती जपून ठेवावी.

बिल्डर गप्प राहिला, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार बेळगावच्या जिल्हा आयोगातच करता येते. मात्र नोटीस दिली म्हणून तक्रारीची दोन वर्षांची मुदत वाढत नाही.