ल्युकेमिया : तीव्र आणि दीर्घकालीन

ल्युकेमिया हा अस्थिमज्जेत रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींचा कर्करोग आहे. रोगी पेशी परिपक्व होण्याच्या वाटेवर कुठवर पोहोचतात, यावरून त्याचे तीव्र (ॲक्यूट) आणि दीर्घकालीन (क्रॉनिक) असे दोन प्रकार पडतात. हा फरक मायलॉइड पेशींच्या दोन आजारांत, एएमएल आणि सीएमएलमध्ये, सर्वांत स्पष्ट दिसतो.

निरोगी मज्जेत ब्लास्ट ही कोवळी पेशी टप्प्याटप्प्याने वाढून न्यूट्रोफिल बनते आणि जंतूंशी लढू लागते. मज्जेत ब्लास्टचे प्रमाण एरवी ५ टक्क्यांच्या आत असते. एएमएलमध्ये ही वाढ ब्लास्टपाशीच अडते. ब्लास्ट नुसते वाढत राहतात, मज्जा व्यापतात आणि त्यांचे प्रमाण साधारणपणे २० टक्के किंवा त्याहून अधिक होते. सीएमएलमध्ये मात्र पेशी पक्व होत राहतात. बिघाड असतो तो त्यांच्या बेसुमार उत्पादनात.

त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट वाचताना फसगत होऊ शकते. समजा, एका रुग्णाच्या पांढऱ्या पेशी ३,०००, हिमोग्लोबिन ६ आणि प्लेटलेट १५,००० आहेत. दोन-तीन आठवड्यांपासून त्याला ताप आहे, हिरड्यांतून रक्त येते, पायांवर बारीक लाल ठिपके उठले आहेत. दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशी तब्बल १,८०,०००, हिमोग्लोबिन ११ आणि प्लेटलेट ५ लाख आहेत. तो रोज कामावर जातो आणि प्लीहा वाढल्यामुळे डाव्या बरगडीखाली जडपणा जाणवतो, एवढीच त्याची तक्रार आहे. घरच्यांना दुसऱ्याचा आकडा पाहून धडकी भरते, पण तातडीने दाखल करावे लागते ते पहिल्याला. पांढऱ्या पेशी कमी असल्या तरी त्याच्या मज्जेत ब्लास्टची गर्दी असू शकते आणि लढणाऱ्या पेशी जवळजवळ उरलेल्या नसतात. दुसऱ्याच्या रक्तात ब्लास्टपासून न्यूट्रोफिलपर्यंत सगळ्या टप्प्यांच्या पेशी दिसतात, त्यांतल्या बहुतेक पक्व किंवा अर्धपक्व असतात. म्हणून एकूण आकड्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्ताच्या काचेला आहे.

एएमएलचा उपचार मज्जा रिकामी करण्यापासून सुरू होतो. औषध सोसेल अशा रुग्णाला सात दिवस सायटाराबिन आणि त्यांतले तीन दिवस डॉनोरुबिसिन देतात. पुढचे तीन-चार आठवडे सर्वांत धोक्याचे: निरोगी पेशीही घटलेल्या असतात, रक्त व प्लेटलेट चढवावे लागतात आणि साधा ताप आला तरी तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे लागते. ब्लास्ट ५ टक्क्यांखाली येऊन रक्ताचे आकडे सावरले की रोग आटोक्यात आला असे म्हणतात. तिथे थांबले तर तो बहुधा उलटतो. म्हणून आणखी केमोथेरपी किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण करतात.

एएमएलच्याच एपीएल या उपप्रकारात वाट वेगळी आहे. १९८० च्या दशकात शांघायमध्ये वांग झेन-यी यांनी एट्रा हे जीवनसत्त्व अ-चे रूप वापरले. त्याने अडलेल्या पेशी मरण्याऐवजी पक्व होऊ लागल्या. आज एट्रा आणि आर्सेनिक यांनी बहुसंख्य रुग्ण बरे होतात. मात्र या आजारात मेंदूतील रक्तस्रावाने जीव लवकर जाऊ शकतो, म्हणून नुसता संशय आला तरी जनुकीय अहवालाची वाट न पाहता एट्रा सुरू करतात.

सीएमएलमागे एकच बिघाड असतो. १९६० मध्ये नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. ते फिलाडेल्फिया गुणसूत्र. नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते बनते, हे १९७३ मध्ये जॅनेट राऊली यांनी दाखवले. त्यातून तयार होणारे बीसीआर-एबीएल प्रथिन पेशीला सतत वाढायला लावते. २००१ पासून मिळणारे इमॅटिनिब नेमके तेच रोखते. बहुतेकांना रोज ४०० मिलिग्रॅमची गोळी पुरते, दाखल व्हावे लागत नाही. औषध लागू पडते की नाही हे सुरुवातीला दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलच्या तपासणीतून कळते. तीन महिन्यांत ते १० टक्क्यांखाली यावे अशी अपेक्षा असते. बरे वाटते म्हणून गोळ्या चुकवणे हे आकडा पुन्हा चढण्याचे एक नेहमीचे कारण आहे, आणि ते टाळता येण्यासारखे आहे. लिम्फॉइड पेशींच्या दीर्घकालीन आजारात, सीएलएलमध्ये, लक्षणे नसतील तर औषधच देत नाहीत, केवळ देखरेख ठेवतात.

दोन्ही प्रकारांमधली भिंत मात्र पक्की नाही. सीएमएलकडे दुर्लक्ष झाले किंवा औषध लागू पडेनासे झाले, तर पेशींत नवे बिघाड साचतात, त्यांची परिपक्वता थांबते आणि ब्लास्ट वाढू लागतात. याला ब्लास्ट क्रायसिस म्हणतात. इमॅटिनिबपूर्वी बहुतेक रुग्ण काही वर्षांत तिथे पोहोचत. ताप येणे, वजन घटणे, प्लीहा पुन्हा वाढणे, प्लेटलेट उतरणे ही त्याची चिन्हे. अशा वेळी अधिक प्रभावी गोळ्यांच्या जोडीला तीव्र ल्युकेमियासारखी केमोथेरपी देतात, आणि रोग मागे हटला की शक्य तितक्या लवकर प्रत्यारोपण करतात.