रेनोग्रामचा आलेख कसा वाचावा?

किडनीच्या स्कॅनच्या रिपोर्टमध्ये दोन रेषांचा एक आलेख असतो. एक रेषा डाव्या किडनीची, एक उजव्या किडनीची. शिरेतून दिलेले सौम्य किरणोत्सारी औषध प्रत्येक किडनीत किती आले आणि किती बाहेर गेले, हे त्या रेषा मिनिटागणिक दाखवतात.

कोणती किडनी किती काम करते?

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटापर्यंत औषध किडनीतच असते, मूत्रवाहिनीकडे गेलेले नसते. तेवढ्या वेळात कोणत्या किडनीने किती औषध खेचले, यावरून कामाची वाटणी काढतात. 45 ते 55 टक्के ही वाटणी सर्वसाधारण मानतात. मात्र ही फक्त वाटणी आहे. दोन्ही किडन्या सारख्याच अशक्त असतील, तरी रिपोर्टमध्ये 50-50 येते. एकूण काम समजण्यासाठी क्रिएटिनिन किंवा जीएफआर पाहावे लागते.

लघवी नीट उतरते का?

निरोगी किडनीची रेषा झपाट्याने चढते, साधारण 3 ते 5 मिनिटांत शिखर गाठते आणि मग उतरते. ती उतरत नसेल, तर लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड हे इंजेक्शन देऊन पुन्हा पाहतात. त्यानंतर किडनीतले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ रिपोर्टमध्ये T1/2 असा लिहितात. 10 मिनिटांपेक्षा कमी असेल तर निचरा चांगला आहे. 20 पेक्षा जास्त असेल तर अडथळ्याची शंका येते. मधला आकडा अनिश्चित समजतात.

एक उदाहरण

समजा, सोनोग्राफीत डावी किडनी फुगलेली दिसली. स्कॅनमध्ये तिचा वाटा 44 टक्के आणि T1/2 24 मिनिटे आला. पण लघवी करून, थोडा वेळ उभे राहिल्यावर काढलेल्या चित्रात बरेचसे औषध उतरलेले दिसले. म्हणजे फुगलेल्या पिशवीत लघवी रेंगाळत होती. मोठा अडथळा असण्याची शक्यता कमी झाली. अशा वेळी डॉक्टर बहुधा लगेच ऑपरेशन न सुचवता काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात. तेव्हा वाटा 44 वरून 35 वर आला, तर मात्र निर्णय बदलू शकतो. 44 चा 42 झाला, तर तो मोजणीतला फरकही असू शकतो.

रेषा कशाने फसते?

पंढरपूरहून स्कॅनसाठी पुण्याला जाताना, वाटेत लघवीची अडचण नको म्हणून अनेक जण पाणीच पीत नाहीत. शरीरात पाणी कमी असले की इंजेक्शनचा परिणाम मंदावतो आणि निरोगी किडनीची रेषाही सपाट दिसू शकते. मूत्राशय भरलेले असले, तरी वरची लघवी अडते. किडनी खूप अशक्त असेल, तर तीही इंजेक्शनला पुरेसा प्रतिसाद देत नाही. अशा वेळी T1/2 वर विसंबता येत नाही.

म्हणून केंद्राने सांगितले असेल तेवढे पाणी प्या आणि स्कॅनआधी लघवी करून घ्या. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर आधी त्यांना विचारा. पुढच्या स्कॅनला जुना रिपोर्ट न्या आणि शक्यतो त्याच केंद्रात, त्याच औषधाने स्कॅन करून घ्या, म्हणजे तुलना खरी ठरेल.