शिट्टी केव्हा वाजवू नये?

तालुक्याच्या गावी शाळांचे फुटबॉल सामने चालले होते आणि पंच म्हणून मला उभे केले होते. एका शाळेचा पोरगा चेंडू घेऊन गोलाकडे धावत सुटला. मागून दुसऱ्याने त्याचा पाय अडवला. पोरगा धडपडला, पण पडला नाही. तोल सावरून तो पुढे निघाला. समोर एकटा गोलरक्षक उरला होता आणि नेमकी त्याच क्षणी मी शिट्टी फुंकली! खेळ थांबला. माझ्या मते मी त्या पोराला न्याय दिला होता. पण तो माझ्याकडे वळून रडवेल्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, कशाला हो वाजवलीत?" फ्री किक घ्यायची वेळ आली तोवर समोरच्या शाळेची सगळी पोरे गोलापुढे भिंत करून उभी राहिली होती. गोल काही झाला नाही. धक्का खाल्ला एकाने आणि पदरात लाभ पडला धक्का देणाऱ्याच्या.

त्या पोराचा प्रश्न फुटबॉलच्या कायदेकर्त्यांनाही पडला होता. त्याचे उत्तर म्हणून जो नियम झाला, त्याला आपण फायद्याचा नियम म्हणू. चूक झाली आहे हे पंचाला दिसते, पण खेळ थांबवला तर चूक करणाऱ्याचाच फायदा होईल असे त्याला वाटले, तर तो शिट्टी वाजवीत नाही. दोन्ही हात पुढे करून 'खेळा, खेळा' अशी खूण करतो. हा नियम कसा आला, हे पाहिले म्हणजे तो केव्हा वापरावा हेही उमगते.

1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि खेळाचे पहिले नियम लिहिले गेले. त्या नियमांत पंच हा शब्दच नव्हता. तंटा झाला तर दोन्ही कप्तानांनी आपसात मिटवावा अशी रीत होती. पुढे सामने चुरशीचे होऊ लागले, तेव्हा प्रत्येक संघाने आपापला एक पंच आणावा असे ठरले. या दोघांचे एकमत झाले नाही तर विचारायला तिसरा माणूस मैदानाबाहेर असे. पण यात एक गंमत होती. क्रिकेटमध्ये गोलंदाज जसा ओरडून दाद मागतो, तशी इथेही खेळाडूंनी दाद मागावी लागे. कोणी दाद मागितली नाही, तर खेळ चालू राही.

याचा अर्थ पहा. ज्याला धक्का बसला त्याच्याच हातात निवड होती. चेंडू आपल्याच पायाशी आहे, पुढे वाट मोकळी आहे, असे दिसले तर तो कशाला दाद मागेल? तो गुपचूप पुढे पळेल. फायद्याचा नियम कागदावर नव्हता, पण दाद मागण्याच्या रीतीत तो आपोआप दडलेला होता.

1891 साली चित्र पालटले. तिसरा माणूस मैदानात आला आणि मुख्य पंच झाला. दोन्ही संघांचे पंच कडेला जाऊन रेषापंच झाले. पेनल्टी किकही त्याच वर्षी आली. पुढे 1894 साली मुख्य पंचाला पुरता अधिकार मिळाला. आता दाद मागायची गरज उरली नाही. त्याला चूक दिसली की त्याने शिट्टी फुंकावी. तंटे कमी झाले, ही गोष्ट चांगलीच झाली. पण निवड खेळाडूच्या हातून निघून पंचाच्या शिट्टीत गेली. नियमाला बांधलेला पंच प्रत्येक चुकीला शिट्टी वाजवणार, आणि ज्याचे नुकसान झाले त्याचेच आणखी नुकसान होणार.

बचाव करणाऱ्यांच्या हे लक्षात यायला वेळ लागत नाही. समोरचा आपल्याला चकवून पुढे निघाला, तर त्याचा सदरा धरावा. शिट्टी होते, खेळ थांबतो, तेवढ्यात आपले दहाजण मागे येऊन उभे राहतात. शिक्षा मिळते खरी, पण ती परवडते.

म्हणून 1903 साली कायद्यात दुरुस्ती झाली. फ्री किक किंवा पेनल्टी न देता हल्ला करणाऱ्या संघाला फायदा देण्याची मुभा पंचाला मिळाली. जी निवड पूर्वी खेळाडू करीत असे, ती आता त्याच्या वतीने पंचाने करायची होती.

मात्र या सवलतीला एक काच होता. एकदा 'खेळा' म्हटले की शब्द फिरवता येत नसे. समजा, पंचाने खेळ चालू ठेवला आणि दोनच पावलांवर तो खेळाडू अडखळून पडला. तर फ्री किकही गेली आणि चेंडूही गेला. त्यामुळे पंच बिचकत आणि शिट्टी वाजवून मोकळे होत. हा काच 1990 च्या दशकात निघाला. अपेक्षित फायदा काही सेकंदांत पदरात पडला नाही, तर पंचाने मागे येऊन मूळ चुकीची शिक्षा द्यावी, असे कायद्यात आले. काही सेकंद म्हणजे साधारण दोन-तीन. मनात 'एक, दोन, तीन' म्हणण्याइतके. फायदा मिळाला, आणि मग खेळाडूने स्वतःच चेंडू गोलाबाहेर मारला, तर मात्र मागे यायचे नाही. संधी दिली होती, ती त्याने दवडली.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. 17 मे 2006 ची रात्र. पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्स मैदानावर युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. एका बाजूला स्पेनचा बार्सिलोना, दुसऱ्या बाजूला इंग्लंडचा आर्सेनल. पंच होते नॉर्वेचे तेर्ये हाउगे. अठराव्या मिनिटाला बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्योने एटोला पुढे चेंडू दिला. आर्सेनलचा गोलरक्षक येन्स लेमान धावत बाहेर आला. एटो त्याला वळसा घालीत असताना लेमानने त्याला पाडले. हे पेनल्टीच्या चौकटीच्या किंचित बाहेर घडले. हाउगे यांनी शिट्टी फुंकली.

पण चेंडू थांबला नव्हता. तो घरंगळत बार्सिलोनाच्याच ज्युलीकडे गेला आणि त्याने तो मोकळ्या गोलात ढकलून दिला. गोल झाला, पण झालाच नाही! कारण शिट्टी वाजली की चेंडू मेला, आणि वाजलेली शिट्टी परत घेता येत नाही. हाउगे यांनी लेमानला लाल कार्ड दाखवून बाहेर काढले. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बाहेर काढला गेलेला तो पहिलाच खेळाडू. बार्सिलोनाला फ्री किक मिळाली. तिच्यावर गोल झाला नाही.

यात नुकसान कोणाचे झाले? दोघांचेही. बार्सिलोनाचा गोल गेला, आणि आर्सेनलला उरलेला सामना दहाजणांनी खेळावा लागला. तरीही सदतिसाव्या मिनिटाला कॅम्पबेलने आर्सेनलला आघाडी मिळवून दिली. ती शहात्तराव्या मिनिटापर्यंत टिकली. मग दमलेल्या दहाजणांवर एटोने आणि नंतर बेलेत्तीने गोल केला आणि बार्सिलोनाने सामना 2-1 असा जिंकला. हाउगे यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केले, की मी थोडा थांबायला हवा होतो. थांबलो असतो तर गोल देऊन पिवळे कार्ड दाखवता आले असते.

ते थांबले असते तर काय झाले असते, हे पायरीपायरीने पाहू. शिट्टी हातात धरून दोन सेकंद चेंडूकडे पाहायचे. ज्युलीने गोल केला, तर गोल द्यायचा. गोलाची संधी हिरावली गेलीच नाही, म्हणून लेमानला लाल कार्ड नाही, ताकीद म्हणून पिवळे कार्ड. आणि ज्युलीला चेंडू मिळालाच नसता, तर? तर मागे येऊन शिट्टी वाजवायची, फ्री किक द्यायची, लेमानला बाहेर काढायचे. म्हणजे थांबण्यात काहीच गमावण्यासारखे नव्हते. गेले ते घाईमुळे.

म्हणून नेहमीच थांबावे काय? नाही. गैरसमज होतो तो इथेच. चेंडू आपल्या माणसाच्या पायाशी राहिला, एवढ्यानेच त्याला फायदा म्हणू नये. आपल्याच गोलाजवळ, तीन प्रतिस्पर्ध्यांच्या गराड्यात चेंडू मिळून काय उपयोग? तिथे फ्री किकच बरी. पंचाने पाहायचे ते असे, की पुढे वाट आहे का, सोबतीला माणसे आहेत का, आणि समोरचा गोल जवळ आहे का. पेनल्टीच्या चौकटीत तर पेनल्टीच मोठी मिळकत. तिथे गोल अगदी समोर दिसत असेल तरच क्षणभर थांबावे.

चूक किती वाईट आहे, हेही पाहावे लागते. कोणी पाय मोडण्याच्या बेताने लाथ घातली, किंवा ठोसा मारला, तर ते लाल कार्डाचे काम. तिथे गोल करण्याची उघड संधी नसेल तर खेळ चालू ठेवू नये. ठेवलाच, तर चेंडू बाहेर जाताच त्या खेळाडूला बाहेर काढायचे. आणि सामना तापलेला असेल, पोरे एकमेकांकडे डोळे वटारून पाहत असतील, तेव्हा शिट्टी लवकर वाजलेली बरी. नाही तर मार खाल्लेला पोरगा स्वतःच हिशेब चुकता करायला जातो, आणि मग कसला फायदा नि कसले काय!

आणखी एक ध्यानात ठेवा. फायदा दिला म्हणजे चूक माफ झाली असे नाही. साध्या दांडगाईबद्दल पिवळे कार्ड दाखवायचे असेल, तर ते खेळ थांबल्यावर दाखवता येते. आणि जखमी होऊन पोरगा मैदानात निपचित पडला असेल, तर गोल समोर असो वा नसो, खेळ थांबवा. डोक्याला लागले असेल तर विचारही करू नका.

शाळेत पंचगिरी करणाऱ्या शिक्षकबंधूंना शेवटी एवढेच सांगतो. शिट्टी तोंडात धरून धावू नका, हातात धरा. ती ओठांपर्यंत न्यायला जो क्षण लागतो, त्यात चेंडू कोणाकडे गेला हे दिसते. मी ही सवय त्या सामन्यानंतर लावून घेतली. त्याआधी लावली असती, तर त्या पोराला मला तो प्रश्न विचारावा लागला नसता.