दोन आकड्यांचा नियम आणि नऊ वर्षांची वाट

रिसोडमधलं सरकीच्या पेंडीचं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. माल अकोल्याहून येतो. दहा पोती मागवा नाहीतर शंभर, टेम्पोचं भाडं तेवढंच. दुकानदार दोन आकडे ठरवतो: साठा किमान पातळीला आला की मागवायचं, आणि कमाल पातळीपर्यंत भरून घ्यायचं. आमच्या विषयात याला (s, S) धोरण म्हणतात.

१९५१ मध्ये केनेथ ॲरो, थिओडोर हॅरिस आणि जेकब मार्शाक यांनी हा नियम गणितात मांडला. पण यापेक्षा चांगला नियम नसेलच, हे त्यांनी सिद्ध केलं नव्हतं. नियमाचं रूप धरूनच ते पुढे गेले होते.

अडचण भाड्याची होती. भाडं नसतं, तर खर्चाचा आलेख एका वाटीसारखा असतो आणि तळ एकच असतो. ठरावीक भाडं आलं की आलेखाला उंचवटे येतात, खड्डे एकाहून जास्त होतात. मग ‘तीस पोती असताना मागवा, पंचवीसला थांबा, वीसला पुन्हा मागवा’ असा विचित्र नियमही कदाचित सरस ठरेल! १९६० मध्ये हर्बर्ट स्कार्फ यांनी ही शंका मिटवली. साठवणूक आणि तुटवड्याचा खर्च सरळ प्रमाणात वाढत असेल, तर साठा कमी होत जाताना आलेखात उंचवटे आले तरी भाडं वसूल होईल एवढा फायदा त्यांतून निघत नाही, हे त्यांनी दाखवलं. म्हणून दोन आकडे पुरतात.

पण ते आकडे किती, हे त्या सिद्धतेतून थेट मिळत नाही. आपण अंदाज करू (आकडे उदाहरणापुरते). रोज ४ पोती विकतात, भाडं ६०० रुपये, एक पोतं एक दिवस ठेवायला ७५ पैसे. १९१३ मधलं फोर्ड हॅरिस यांचं सूत्र सांगतं:

√(2 × 600 × 4 ÷ 0.75) = 80

ऐंशी पोती वीस दिवस पुरतात. भाडं दिवसाला ३० रुपये पडतं, आणि सरासरी चाळीस पोत्यांची साठवणूकही ३० रुपयेच. माल यायला तीन दिवस लागतात, म्हणजे १२ पोती. अचानक मागणी वाढली तर म्हणून आणखी ८ धरू. किमान २०, कमाल १००.

इथेच गफलत होते. गिऱ्हाईक एकेक पोतं नेत नाही. साठा २४ असताना कुणी दहा पोती उचलली, की तो एकदम १४ वर येतो. मागणी ८० ऐवजी ८६ पोत्यांची जाते, ते ठीक. पण जादा धरलेल्या आठातली फक्त दोन उरतात. तुमची किमान पातळी बरोबर आहे का, हे बघायचं असेल तर वहीत प्रत्येक ऑर्डरच्या क्षणी खरा साठा किती होता ते लिहा. तो सरासरीने १५ निघाला, तर किमान पातळी साधारण पाचने वाढवा.

स्कार्फ यांच्या सिद्धतेने नियमाचं रूप पक्कं केलं. आकडे मात्र प्रत्येक दुकानाला आपल्या वहीतूनच काढावे लागतात.