टूल जोडले म्हणून उत्तर खरे ठरत नाही

ऑर्डरची चौकशी करणाऱ्या चॅटबॉटबद्दल एक मत सर्रास मांडले जाते. मॉडेल एकटे असेल तर मनाचे सांगेल. पण त्याला ऑर्डर शोधणारे टूल जोडले की माहिती थेट डेटाबेसमधून येते, मग चुकायला वाव राहत नाही. यातला पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध नाही.

फंक्शन कॉलिंगमध्ये मॉडेल डेटाबेस उघडत नाही. ते टूलचे नाव आणि ऑर्डर क्रमांक तेवढा लिहून देते. फंक्शन चालवतो तो आपला प्रोग्राम. तोच निकाल संभाषणात परत घालतो आणि तो वाचून मॉडेल ग्राहकासाठी वाक्य रचते. म्हणजे डेटाबेसची हमी निकालापाशी संपते. पुढचे वाक्य मॉडेलचेच असते.

समजा, निकाल असा आला:

```json
{"order_id": "004812", "status": "SHIPPED",
 "eta": null,
 "updated_at": "2025-03-14T20:30:00Z"}
```

ग्राहक विचारतो, "कधी मिळेल?" `eta` रिकामे आहे, तरी "दोन-तीन दिवसांत मिळेल" असे उत्तर येऊ शकते, कारण माल निघाल्यावर बहुधा तसेच म्हटले जाते. शेवटची नोंद 14 मार्चची, असेही सांगितले जाईल. पण ही वेळ यूटीसीतली आहे. भारतात तेव्हा 15 मार्चचे पहाटेचे 2 वाजलेले असतात. डेटा अचूक, उत्तर मात्र दोनदा चुकीचे.

यावर आक्षेप येतो की टेम्परेचर शून्यावर आणा आणि सूचनेत "अंदाज करू नकोस" असे लिहा. सूचनेचा उपयोग होतो, हे मान्य. पण टेम्परेचर कमी केल्याने उत्तरातला फरक कमी होतो. चुकीचा अर्थ लावला गेला, तर तोच पुन्हा पुन्हा लावला जाईल. आणि `null` म्हणजे तारीख ठरलेली नाही की कुरिअरने कळवलेली नाही, हे सूचनेतून समजत नाही. ते निकालातच असायला हवे.

म्हणून खरे काम टूलच्या परतीच्या मजकुरावर करावे. ऑर्डर सापडली, सापडली नाही आणि सर्व्हरने उत्तरच दिले नाही, या तिन्ही स्थिती वेगळ्या कळवाव्यात. तिन्हींसाठी रिकामा निकाल परत केला, तर सर्व्हर बंद असतानाही "अशी ऑर्डर नाही" असे सांगून पैसे भरलेल्या माणसाला घाबरवले जाते. तारीख प्रोग्रामनेच भारतीय वेळेत बदलावी आणि "पोहोचण्याची तारीख कुरिअरने अजून दिलेली नाही" हे वाक्य निकालातच द्यावे.

पडताळणीही याच जागी करावी. टूल मुद्दाम बंद पाडून प्रश्न विचारावा आणि उत्तरातली प्रत्येक तारीख व स्थिती निकालाशी ताडून पाहावी. निकालात नसलेली एकही तारीख उत्तरात दिसली, तर ती मॉडेलने रचलेली आहे. गोदामातली नोंदच चुकलेली असेल, तर हा उपाय ती सुधारणार नाही. नोंदीत नसलेले ग्राहकाला सांगितले जाण्याची शक्यता मात्र कमी होईल, आणि टूल जोडण्यामागचा हेतू तोच होता.